घरातली वीज : हीटर आपोआप बंद का पडतो?

डिसेंबर-जानेवारीत आपल्या उपनगरांत थोडे दिवस का होईना, थंडी पडतेच. बोरिवली आणि मुलुंडच्या मधोमध राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. त्याच्या कडेच्या वस्त्यांत पहाटेचा गारवा अंधेरी-घाटकोपरपेक्षा जास्त जाणवतो. घरात बाळंतीण असेल, चाळीस दिवसांचे बाळ असेल किंवा फजरच्या वजूला उठणारी बुजुर्ग मंडळी असतील, तर माळ्यावरचा रूम हीटर खाली उतरतो. नेमक्या याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते : "हीटर चालू करतो, पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो. बिघडला असेल का?"

पुष्कळदा हीटर बिघडलेला नसतो. त्याच्या आतल्या दोन पहारेकऱ्यांपैकी एकाने तो बंद केलेला असतो. एकाला टिप-ओव्हर स्विच म्हणतात, दुसऱ्याला ओव्हरहीट कटऑफ. दोघांची कामे अगदी वेगळी आहेत. हीटर नेमका कोणी बंद केला हे ओळखता आले, तर निम्मी दुरुस्ती घरातच होते. ते ओळखता आले नाही, तर माणूस दुकानात जातो, आणि तिथे एखादा मेकॅनिक म्हणतो, "कटऑफ काढून डायरेक्ट करून देतो, मग कधीच बंद पडणार नाही." त्याचे बोलणे खरे असते. हीटर मग खरोखरच बंद पडत नाही, पडायला हवा तेव्हासुद्धा.

पडला की बंद : टिप-ओव्हर स्विच

हीटर उलटा करून बुडाकडे पाहा. बऱ्याच हीटरमध्ये तिथे प्लास्टिकचे एक छोटे बटण बाहेर आलेले दिसते. हीटर जमिनीवर सरळ उभा असला की त्याच्या वजनाने हे बटण आत दाबले जाते आणि वीज पुढे जाते. हीटर आडवा झाला की आतली स्प्रिंग बटण बाहेर ढकलते, आणि 'टक्' आवाज होऊन वीज तुटते. काही हीटरमध्ये बाहेर बटण दिसत नाही. त्यांच्या आत एक गोळी किंवा लोंबते वजन असते. हीटर कलला की ते जागचे सरकते आणि स्विच बंद करते.

हा पहारेकरी एकाच गोष्टीसाठी आहे : चालू हीटर तोंडावर पडून त्याची तापलेली बाजू चादरीला, सतरंजीला किंवा गादीला टेकू नये. लाल रॉडच्या हीटरमध्ये त्याची गरज सर्वात जास्त. उजेडात स्पष्ट लाल दिसणारी तार साधारण ७०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापलेली असते, आणि सुती कापड साधारण ४०० अंशांच्या आसपास पेट घेते. मांजर, रांगणारे बाळ, वायरीत अडकलेला पाय, कशानेही हीटर पडू शकतो. आपल्या खोल्या लहान असतात. पडलेला हीटर मोकळ्या फरशीवर क्वचितच पडतो, बहुधा तो अंथरुणावरच पडतो.

आता तो विनाकारण बंद का करतो ते पाहू. बटण दाबले जायला खाली कडक, सपाट जमीन लागते. हीटर जाड गालिच्यावर, गोधडीवर किंवा मुसल्ल्याच्या कडेवर ठेवला, तर त्याचे पाय रुततात, तो किंचित कलतो आणि बटण पूर्ण दाबले जात नाही. मग हीटर चालूच होत नाही, किंवा शेजारून कोणी चालले की बंद-चालू होतो. यावर उपाय म्हणजे हीटर फरशीवर ठेवणे. बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचे दाबून ठेवणे हा उपाय नव्हे. तशी पट्टी लावलेला हीटर पडला, तरी तो तापतच राहतो.

मऊ अंथरुणाचा आणखी एक धोका आहे, आणि तो उलट बाजूचा आहे. हीटर गादीवर पडला आणि गादीचा किंवा गुंडाळलेल्या रजईचा फुगवटा नेमका त्या बटणावर आला, तर बटण दाबलेलेच राहू शकते. म्हणजे ज्या जागी या स्विचची सर्वात जास्त गरज आहे, तिथेच तो फसू शकतो. म्हणून पलंगावर, स्टुलावर किंवा खुर्चीवर हीटर ठेवायचा नाही.

आपल्या हवेमुळे होणारी एक अडचणही ध्यानात ठेवावी. हीटर दहा महिने माळ्यावर असतो, त्यात चार महिने पावसाळ्याचे. दमट, खारट हवेने स्प्रिंग गंजते, बटणाभोवती धूळ जमून घट्ट होते. बटण बाहेर राहून अडकले, तर हीटर चालू होत नाही आणि आपल्याला ते कळते. ते आत दाबलेले राहून अडकले, तर हीटर नेहमीसारखा चालतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. म्हणून हंगामात पहिल्यांदा हीटर काढला की एक परीक्षा घ्यावी. प्लग काढलेला असताना बटण बोटाने दोन-चार वेळा दाबून सोडावे. ते सहज आत जाऊन लगेच बाहेर आले पाहिजे. मग फरशीवर, कमी गरमीवर हीटर चालू करून मूठ धरून सरळ दोन-तीन इंच वर उचलावा. 'टक्' होऊन तो बंद झाला पाहिजे आणि खाली ठेवल्यावर पुन्हा सुरू झाला पाहिजे. उचलूनही चालूच राहिला, तर तो वापरू नये. ज्यात बटण दिसत नाही, तो हीटर मुठीने धरून बाजूला कलवून पाहावा. तोंडावर पाडून परीक्षा घेऊ नये.

'पुन्हा सुरू झाला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बहुतेक हीटर उभे केले की लगेच तापू लागतात. म्हणून हीटर खरोखर पडला, तर घाईने उभा करायचा नाही. आधी भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढायचा, मग उचलायचा, खालचे कापड तपासायचे. वीज गेल्यावरही रॉड काही वेळ चटका देण्याइतका गरम असतो. तेलाचा हीटर पडला असेल, तर उभा केल्यावर तो निदान तासभर तसाच राहू द्यावा. त्याची तापणारी नळी तळाशी असते आणि ती तेलात बुडालेली हवी. आडवा पडल्यावर तेल सरकते, ते परत तळाशी यायला वेळ लागतो.

श्वास कोंडला की बंद : ओव्हरहीट कटऑफ

दुसऱ्या पहारेकऱ्याला हीटर उभा आहे की आडवा, याच्याशी काही देणेघेणे नाही. तो फक्त हीटरच्या पोटातली गरमी पाहतो.

पंख्याचा हीटर घ्या, आपल्याकडे तोच जास्त दिसतो. मागच्या जाळीतून पंखा थंड हवा ओढतो, तापलेल्या कॉईलवरून नेतो आणि पुढून गरम करून सोडतो. ही हवाच कॉईलची गरमी वाहून नेते. हवा कमी झाली, तरी कॉईल वीज तेवढीच खाते आणि गरमी तेवढीच तयार करते. ती बाहेर जात नाही, म्हणून पोटात साठते. प्लास्टिकचे अंग मऊ पडू लागते, आत बसलेली धूळ करपू लागते. याच्या आधीच हीटर बंद करणे हे कटऑफचे काम.

तो कसा बंद करतो, हे पाहण्यासारखे आहे. नाण्याएवढ्या छोट्या डबीत दोन वेगवेगळ्या धातूंची जोडलेली चकती असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. ठरलेल्या गरमीला चकती एकदम उलटी वाकते आणि विजेचा मार्ग तोडते. थंड झाली की पुन्हा सुलटी होते आणि वीज सुरू होते. इस्त्री तापल्यावर आपोआप बंद-चालू होते, तिथेही अशीच दोन धातूंची पट्टी काम करत असते.

चांगल्या हीटरमध्ये या चकतीच्या मागे आणखी एक थर्मल फ्यूज असतो. चकती काही कारणाने चिकटून बसली आणि वीज तुटली नाही, तर हा फ्यूज वितळतो. एकदा वितळला की तो परत जुळत नाही. हीटर पूर्ण मेल्यासारखा होतो, आणि तसाच होणे अपेक्षित आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चकती स्वतःहून परत जुळते, म्हणजे कारण दूर केले नाही, तर हीटर रात्रभर तापेल, बंद होईल, थंड होईल, पुन्हा तापेल. हीटरवर बाळाची लंगोटी वाळत घातली आणि घरचे झोपी गेले, तर त्या कापडाखाली हा खेळ पहाटेपर्यंत चालू शकतो. प्रत्येक वेळी मार्ग तुटताना चकतीच्या टोकांवर बारीक ठिणगी उडते आणि टोके झिजतात. शेवटी ती एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून वारंवार बंद पडणारा हीटर 'चालतोय तर खरा' म्हणून चालवत राहू नये. कटऑफ अडचणीच्या वेळेसाठी असतो, रोजच्या बंद-चालूसाठी नाही.

कोणी बंद केला, ते कसे ओळखावे?

हलवताना, टेकवताना किंवा जवळून चालताना बंद पडतो आणि सरळ ठेवताच लगेच सुरू होतो, तर तो टिप-ओव्हर स्विच. कोणी हात न लावता काही मिनिटे चालून बंद पडतो आणि पाच-दहा मिनिटांनी थंड झाल्यावर स्वतःहून सुरू होतो, तर तो बहुधा कटऑफ. अशा वेळी काही हीटरमध्ये पंखा फिरत राहतो, पण हवा गार येते. काही हीटरमध्ये सगळेच बंद होते.

एक तिसरी शक्यताही आहे. हीटरला गरमी कमी-जास्त करायची फिरती कळ असेल, तर खोली पुरेशी उबदार झाल्यावर ती कळही हीटर बंद करते. हे नेहमीचे काम आहे. ओळखायला सोपे आहे : खोली उबदार असेल आणि कळ थोडी पुढे फिरवताच हीटर सुरू झाला, तर काळजी नको. खोली गारच असेल आणि कळ शेवटपर्यंत फिरवूनही सुरू झाला नाही, तर कटऑफकडे पाहावे.

आणि हीटरऐवजी घरातला एमसीबीच पडत असेल, तर हे दोघेही त्यात नाहीत. मग त्याच लाईनवर गीझरसारखे दुसरे काही चालू आहे का, किंवा पावसाळ्यात हीटरमध्ये ओल शिरली आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे.

मुलुंडच्या एका घरातले उदाहरण

मुलुंड पश्चिमेला तळमजल्यावरच्या एका घरात मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. खोली दहा बाय दहाची, हीटर पंख्याचा, २००० वॅटचा. सहा-सात मिनिटे चालून तो थांबायचा, पंखा फिरत राहायचा, थोड्या वेळाने पुन्हा गरम हवा यायची. जवळच्या दुकानात 'डायरेक्ट' करून देण्याची तयारी होती. नानीने हरकत घेतली, म्हणून आधी तपासायचे ठरले.

हीटर न हलवताच बंद होत होता, खाली फरशी होती, आणि उचलून पाहिल्यावर टिप-ओव्हर स्विच नीट 'टक्' करत होता. म्हणजे पहिला पहारेकरी बाजूला झाला. फिरती कळ शेवटपर्यंत होती आणि खोली गार होती. राहिला कटऑफ. मग प्रश्न असा की हवा कुठे अडते?

पहिले कारण जागेत सापडले. पलंग आणि भिंत यांच्या फटीत हीटर ठेवलेला होता. मागची जाळी भिंतीपासून जेमतेम तीन इंचांवर होती आणि पलंगाची चादर बाजूला लोंबत होती. हीटर मोकळ्या जागी, मागे हातभर अंतर सोडून ठेवला, तेव्हा तो पंधरा-सोळा मिनिटे चालला. सुधारणा झाली, पण तो पुन्हा थांबलाच. म्हणजे कारण आणखी होते.

दुसरे कारण जाळीत होते. प्लग काढून, हीटर पूर्ण थंड झाल्यावर मागची जाळी उजेडात पाहिली. कापसाचे तंतू आणि माळ्यावरची धूळ यांचा नमद्यासारखा थर जाळीवर बसला होता. कोरड्या मऊ ब्रशने तो मोकळा केला आणि व्हॅक्यूम क्लीनरने बाहेरूनच ओढून घेतला. ओले फडके वापरले नाही, आत सळई घातली नाही. त्यानंतर हीटर चाळीस मिनिटे न थांबता चालला.

या तपासात एक खूण उपयोगी पडली. साफ करण्याआधी पुढच्या जाळीतून कॉईल भडक लाल दिसत होती, साफ केल्यावर ती मंद दिसू लागली. पंख्याच्या हीटरची कॉईल भडक लाल दिसणे म्हणजे तिच्यावरून पुरेशी हवा जात नाही. जाळी साफ असूनही कॉईल तशीच लाल दिसली, पंखा हळू फिरला किंवा घरघरला, तर पंख्याचे बेअरिंग सुकले असेल किंवा त्यात केस अडकले असतील. ते काम मेकॅनिकचे. आणि जाळी साफ, जागा मोकळी, पंखा जोरात, कॉईल मंद, तरीही हीटर थांबत असेल, तर मात्र कटऑफच म्हातारा झाला आहे. तो बदलता येतो, पण त्याच गरमीचा आणि तेवढ्याच अँपिअरचा. थर्मल फ्यूजचेही तसेच. त्याच्या जागी तारेचा तुकडा जोडू देऊ नये.

या घरात हीटर 'डायरेक्ट' केला असता, तर काय झाले असते? चादर तिथेच राहिली असती, धुळीचा थरही तिथेच राहिला असता, कॉईल लालच राहिली असती. फक्त सातव्या मिनिटाला थांबवणारा कोणी राहिला नसता, आणि बाळाचा पलंग हाताच्या अंतरावर होता.

दोघांनाही न दिसणारे

हे दोन्ही पहारेकरी हीटरच्या आत बसलेले आहेत. बाहेर काय चालले आहे, ते त्यांना कळत नाही. लाल रॉडच्या हीटरसमोर फूटभर अंतरावर ओढणी किंवा पडदा आला, तर हीटर उभाच आहे आणि त्याच्या पोटात गरमीही वाढलेली नाही. दोघेही गप्प राहतील आणि कापड करपेल. म्हणून हीटरच्या पुढे तीन फूट जागा मोकळी हवी. पंख्याचा वारा लागून कपडा उडणार नाही, हेही पाहावे. पहाटे हीटरजवळ नमाज पढणाऱ्या दादी-नानींचा मुसल्ला आणि दुपट्टा याच अंतराच्या बाहेर राहू द्यावा.

दुसरी न दिसणारी जागा म्हणजे प्लग. २००० वॅटचा हीटर आपल्या २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. टीव्ही-मोबाइलचा लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. कन्व्हर्टर लावून किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवरून हीटर चालवला, तर भिंतीतला सॉकेट तापतो, आणि हीटरच्या पोटातल्या कटऑफला त्याचा पत्ताही लागत नाही. मुलुंडच्या त्या घरातही हीटर एक्स्टेन्शनवरच होता, तो गीझरसारख्या जाड पिनांच्या पॉवर प्लगवर घेतला. अर्धा तास चालवल्यावर हीटर बंद करावा, प्लग काढून प्लास्टिकला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, पिनांजवळ तपकिरी डाग असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर सॉकेट बदलल्याशिवाय हीटर लावू नये.

दहा बाय दहाच्या खोलीला मुंबईच्या थंडीत १००० वॅट पुष्कळ होतात. तेवढ्यावर हीटर साडेचार अँपिअरपेक्षा कमी ओढतो, तासाला दोनऐवजी एकच युनिट जाते आणि कॉईलही कमी तापते. खोली झोपायच्या अर्धा तास आधी उबदार करावी आणि घरातले जागे आहेत तोवर हीटर बंद करून प्लग काढून ठेवावा. बाळाच्या खोलीत रात्रभर हीटर चालवण्यापेक्षा बाळाला टोपी-मोजे घालणे बरे.

नवा हीटर घेताना बॉक्सवरची टिप-ओव्हर आणि ओव्हरहीट ही दोन्ही नावे वेगवेगळी वाचावीत. एक असले म्हणजे दुसरे असतेच असे नाही. आयएसआयचे चिन्हही पाहावे. हंगाम संपल्यावर हीटर माळ्यावर टाकताना जाळी साफ करून कोरड्या कापडी पिशवीत बांधून ठेवला, तर पुढच्या डिसेंबरात तो पाच मिनिटांत बंद पडण्याचे एक मोठे कारण आजच दूर होते.